टेन्शन डोक्यात, मग पोटाचा नगारा का? (हवा गिळणे, आवळलेला घसा आणि छातीवरचं दडपण)

कातरवेळ

बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज धागा काढतेय. सांभाळून घ्या.

साडेतीन महिने झाले. सकाळी उठते तेव्हा पोट सपाट असतं, काहीही त्रास नाही. अकराच्या सुमारास घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायला लागतं, सारखा आवंढा गिळावासा वाटतो. दुपारी चारपर्यंत पोट दगड होतं. वरच्या भागावर टिचकी मारली तर चक्क ढब्ब वाजतं. मग डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खालून छातीकडे दडपण चढतं. श्वास पुरत नाही म्हणून मोठा श्वास घ्यायला जावं तर तो अर्ध्यातच अडतो.

पहिल्यांदा झालं तेव्हा घाबरून रात्री इमर्जन्सीत गेले होते. ईसीजी, रक्त, नंतर इको आणि ट्रेडमिल, सगळं नॉर्मल. सोनोग्राफी आणि एंडोस्कोपीही नॉर्मल. शेवटी डॉक्टर म्हणाले, "टेन्शन कमी करा." टेन्शन आहे हे मलाही मान्य आहे, त्याबद्दल वाद नाही. पण टेन्शन डोक्यात असतं, हवा पोटात कशी जाते? मला उपाय नंतर सांगा, आधी हे कसं होतं ते कुणी समजावेल का?

खारूताई

टिचकी मारून वाजवता येतं म्हणजे निदान सुरात लावून घ्या.
(ह.घ्या. माझंही असंच होतं, म्हणून हसतेय.)

माधवकाका

अहो, सोपं आहे. माणूस घाबरला की जोरजोरात श्वास घेतो. फुप्फुसात जागा संपली की उरलेली हवा पोटात उतरते. शिवाय ॲसिडिटी असणारच, एंडोस्कोपीत सगळं दिसत नाही. मी पोट फुगलं की चिमूटभर खायचा सोडा पाण्यात घेतो. दोन मिनिटांत खणखणीत ढेकर. मोकळं.

रात्रपाळी

मला हाच त्रास आहे! झोपेत श्वास अडतो म्हणून मी रात्री सीपॅप मशीन लावतो, तर पहाटे पोट फुग्यासारखं. मास्क बदलला, प्रेशर कमी करून घेतलं, तेव्हा निम्म्यावर आलं. तुमच्या मशीनचं प्रेशर किती आहे?

कातरवेळ

@रात्रपाळी, माझ्याकडे मशीन नाही हो. आणि माझं उलटं आहे, सकाळी सपाट, संध्याकाळी फुगलेलं.

रात्रपाळी

अर्र, नीट वाचलं नाही. राहू दे, कुणाला तरी उपयोग होईल.

स्वरांजन

मी स्पीच थेरपिस्ट आहे. आवाज आणि गिळणं हेच रोजचं काम, त्यामुळे घशापुरतं बोलते. पोटाचं पोटवाले सांगतील.

काका, घाबरल्यावर श्वास बदलतो हे बरोबर आहे, पण फुप्फुसातून हवा जठरात उतरत नाही. दोन्ही नळ्या घशापाशीच वेगळ्या होतात. पुढे स्वरयंत्र आणि श्वासनलिका, मागे अन्ननलिका. अन्ननलिकेच्या वरच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं आणि ते एरवी घट्ट मिटलेलं असतं. म्हणून तर आपण श्वास घेताना हवा पोटात जात नाही.

हवा आत जायला दोन वाटा आहेत. पहिली साधी: आवंढा. आपण गिळतो तेव्हा ते कडं साधारण अर्धा सेकंद उघडतं आणि लाळेबरोबर थोडी हवा जातेच. सगळ्यांचीच जाते. फरक पडतो तो संख्येमुळे. कातरवेळ, तुमच्या घशात अडकलेलं जे वाटतं ना, ती बहुतेक वेळा वस्तू नसतेच, आवळलेल्या स्नायूची जाणीव असते. पण मेंदूला वाटतं काहीतरी आहे, ते खाली ढकला. म्हणून तुम्ही गिळता. गिळल्यावर क्षणभर बरं वाटतं, मग कडं पुन्हा आवळतं, पुन्हा गिळता. तोंडात लाळ नसताना गिळलेला आवंढा म्हणजे जवळजवळ नुसती हवाच.

दुसरी वाट जास्त फसवी आहे. श्वास पुरत नाही असं वाटलं की माणूस आधीचा श्वास पूर्ण न सोडताच त्यावर दुसरा चढवतो. छाती आधीच भरलेली असते. वर घसा आवळलेला, स्वरतंतू अर्धवट मिटलेले. अशात तुम्ही जोर लावून आत ओढता. छातीत ओढ तयार होते, पण श्वासनलिकेचं दार नीट उघडं नाही. त्या क्षणी अन्ननलिकेचं कडं जरा सैल पडलं, तर हवा तिकडे ओढली जाते. "गुळुक" असा बारीक आवाज येतो. मोठा श्वास "अर्ध्यातच अडतो" असं तुम्ही लिहिलंय, तो अडण्याचा क्षण हाच असू शकतो.

चिकित्सक_चिमणी

एक शंका. घसा आवळलेला आहे तर हवा आत जाऊच नये ना? दार घट्ट आणि तरी चोर आत, हे कसं?

स्वरांजन

छान प्रश्न. दार घट्ट असतं ते दोन आवंढ्यांच्या *मधल्या* वेळात. गिळताना ते उघडतंच, नाहीतर माणूस जेवूच शकणार नाही. म्हणजे आत जाताना प्रत्येक आवंढ्याला दार उघडं. बाहेर येताना मात्र छोट्या ढेकरेला ते सहज सैल व्हायला हवं, आणि ताणलेल्या माणसात ते कुरकुर करतं. हवा थोडी थोडी आत जाते आणि एकदम बाहेर यायला बघते. मधल्या वेळात ती अन्ननलिकेतच वरखाली करते आणि छातीच्या मध्ये दाब जाणवतो.

एक प्रयोग करून बघा. पाणी न पिता ओळीने पाच आवंढे गिळा. तिसऱ्या-चौथ्याला घसा साफ नकार देईल. तो नकार नॉर्मल आहे, लाळ संपली एवढंच. पण घाबरलेला माणूस त्यातून "माझा घसा बंद होतोय" असा अर्थ काढतो आणि आणखी जोर लावतो.

खारूताई

ऑफिसात बसून पाच आवंढे गिळले. शेजारचा विचारतोय, रडतेयस का?

माधवकाका

चौथा गेला नाही. पाचवा तर नाहीच. पण मग मला सोड्याने बरं का वाटतं?

पोटार्थी

पेशाने पोटाचा डॉक्टर, म्हणून हा आयडी.

काका, सोडा आणि जठरातलं आम्ल मिळून कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे तुम्ही फुगलेल्या पोटात आणखी वायू भरता, जठर ताणलं की वरची झडप सैल होते आणि नव्याबरोबर जुना वायूही बाहेर येतो. आराम खरा आहे, पण सोड्यात मीठासारखंच सोडियम असतं. तुमचं बीपी असेल तर रोज घेऊ नका.

हवेचं वेगळं आहे. गिळलेल्या हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन. कार्बन डायऑक्साइड आतड्यातून रक्तात पटकन शोषला जातो, नायट्रोजन तसा जात नाही. ढेकरेतून वर आला नाही तर त्याला अख्खं आतडं पार करून खालूनच निघावं लागतं. त्याला वास नसतो, ही एक ओळखीची खूण. म्हणूनच गॅसच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. त्या बुडबुडे फोडून एकत्र करतात, हवा नाहीशी करत नाहीत.

आता धागाकर्तीबद्दल. आधी हृदयाच्या तपासण्या केल्यात हे फार बरं केलंत. कुणी हा धागा वाचून छातीतल्या नव्या दडपणाला "हवा असेल" म्हणून घरी बसू नका. चालताना, जिना चढताना वाढणारं आणि थांबल्यावर कमी होणारं दडपण, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, चक्कर, यांत आधी डॉक्टर. तसंच घास अडकणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी, काळी शौच. घशात अडकल्यासारखं वाटणं जेवताना *कमी* होत असेल तर ते दिलासा देणारं आहे. घास खरोखरच अडकत असेल तर ती वेगळी गोष्ट.

बाकी स्वरांजन यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. इतकं पोट फुगायला प्रत्येक वेळी तितकी हवा असतेच असं नाही. दुपारी लिहितो.

निमूट

अवांतर आहे, पण विचारतो. मला आयुष्यात कधी ढेकर आलेली नाही. खरंच. लहानपणी मित्र मुद्दाम काढायचे, मला जमायचंच नाही. जेवणानंतर गळ्यातून बेडकासारखे आवाज येतात, छाती भरून येते, संध्याकाळी पोट टम्म. मलाही सगळे टेन्शनच म्हणतात. टेन्शन आहेच, चारचौघांत गळा बोलतो म्हणून.

स्वरांजन

@निमूट, अजिबात अवांतर नाही. अन्ननलिकेचं तेच कडं गिळताना नीट उघडतं, पण ढेकरेसाठी सैलच होत नाही, असा एक वेगळा आजार आहे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट बास्टियन आणि सहकाऱ्यांनी त्यावर लिहिलं तेव्हापासून त्याला नाव मिळालं. त्या कड्यात बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे जाऊन "मला ढेकर येतच नाही, लहानपणापासून" हे वाक्य पहिलं सांगा. "गॅसेस होतात" असं सांगितलंत तर गोळी घेऊन परत याल.

कातरवेळ, तुम्हाला ढेकर येते ना?

कातरवेळ

येते. उलट मी काढते. दडपण आलं की मान पुढे करून, हवा आत घेऊन ढेकर काढते. एकामागून एक, वीस-पंचवीस. नवरा म्हणतो मशीनगन. पण पोट काही कमी होत नाही, हे कोडं आहे.

स्वरांजन

ते कोडं तुम्हीच सोडवलंत. "हवा आत घेऊन." ती ढेकर जठरातली नाहीच. हवा अन्ननलिकेत ओढली, जठरापर्यंत पोचायच्या आतच उलट फेकली, सगळं सेकंदाच्या आत. पोटातली हवा होती तिथेच राहते. आणि वीसपैकी दोन-तीन वेळा हवा परत यायच्याऐवजी खाली सटकत असेल, म्हणजे भर पडते. खूण अशी, की ही ढेकर झोपेत येत नाही, बोलताना थांबते आणि लक्ष दुसरीकडे गेलं की गायब. हे कुणी सोंग म्हणून करत नाही, सवय लागते. सुरुवातीला एकदा आराम पडलेला असतो ना.

माधवकाका

म्हणजे विहिरीतलं पाणी कमी करायला वरून बादली ओतून तीच परत उपसायची.

खारूताई

काका, आज फॉर्मात!

पोटार्थी

दुपारी लिहितो म्हणालो होतो, रात्र झाली.

फुगलेल्या पोटाचे सीटी स्कॅन मोजून पाहिले गेलेत, बार्सिलोनाच्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलंय. फुगतं त्यांच्यापैकी अनेकांच्या पोटात वायू फारसा वाढलेलाच नसतो. मग पोट पुढे का येतं? कारण श्वासपटल खाली उतरून तिथेच आवळून बसतं आणि पोटाची पुढची भिंत सैल पडते. आतला ऐवज तोच, फक्त वरून दाबलेला, म्हणून पुढे ढकललेला. नॉर्मल माणसात पोटात वायू वाढला की श्वासपटल उलट वर सरकून जागा करून देतं.

आता हे घाबरलेल्या श्वासाशी जोडा. पूर्ण न सोडलेले श्वास म्हणजे सतत भरलेली छाती, म्हणजे सतत खाली दाबलेलं श्वासपटल. छातीवरचं दडपण तिथूनही येतं. बरगड्यांमधले स्नायू दिवसभर ताणलेले, ते थकतात आणि दुखतात. शिवाय भरलेल्या भांड्यात आणखी ओतता येत नाही, म्हणून श्वास "अडतो". त्याला हवेची कमतरता म्हणणं चूक आहे, झालंय ते हवा बाहेर न सोडल्यामुळे.

कातरवेळ, एक साधी गोष्ट करा. सकाळी आणि संध्याकाळी बेंबीवर टेप लावून मोजा. संध्याकाळी मोजून झाल्यावर दहा मिनिटं पाठीवर पडा आणि उठायच्या आधी पुन्हा मोजा. दहा मिनिटांत नायट्रोजन कुठे पळत नाही. जितकं उतरेल त्यातला बराचसा वाटा श्वासपटलाचा आणि स्नायूंचा.

चिकित्सक_चिमणी

पण आडवं पडल्यावर पोट नुसतं पसरतंही ना? मग मोजमाप फसवं नाही का?

पोटार्थी

बरोबर, म्हणून सकाळचं मापही आडवं पडूनच एकदा घ्या. उभं-उभं आणि आडवं-आडवं यांची तुलना करा. प्रयोगशाळा नाही, अंदाज मिळतो.

स्वरांजन

डॉक्टर, श्वासपटल मान्य. पण टिचकीला ढब्ब वाजणारं डाव्या बरगडीखालचं पोट, ते तरी जठरातली हवाच ना? जठराचा वरचा घुमट बरोबर डाव्या श्वासपटलाला टेकतो. तिथे हवा साठली की दडपण डाव्या छातीतच जाणवणार आणि माणूस हृदयाकडे बोट दाखवणार.

पोटार्थी

तिथला बुडबुडा नॉर्मल माणसातही असतो आणि टिचकीला वाजतो. ढब्ब वाजलं म्हणजे जास्त आहे असं ठरत नाही. थोडं दोन्ही असेल म्हणू या.

माधवकाका

डॉक्टर लोकांचं "थोडं दोन्ही" म्हणजे आमचं "तुम्हीही बरोबर, आम्हीही बरोबर".

कातरवेळ

नऊ दिवस वही ठेवली, ती इथे मांडते.

टेप: सकाळी उभी 76, संध्याकाळी उभी 83. आडवी पडून सकाळी 75, संध्याकाळी दहा मिनिटांनी 78. म्हणजे उभ्याने 7 सेंटीमीटर वाढ आणि आडव्याने 3. दोघंही बरोबर निघालात बहुतेक, माधवकाका हसतीलच.

आवंढे: हे जास्त धक्कादायक होतं. रोज साडेदहाला चाळीस मिनिटांचा कॉल असतो. प्रत्येक आवंढ्याला कागदावर रेघ मारली. एकतीस! एरवी, घरी भांडी आवरताना, तेवढ्याच वेळात चौदा. आणि एकतीसपैकी मी स्वतः बोलत होते त्या बारा मिनिटांत फक्त दोन. उरलेले सगळे माइक बंद करून माझी पाळी येण्याची वाट बघताना. मला वाटायचं बोलायची भीती आहे. बोलताना काहीच होत नाही!

स्वरांजन

अहो, हे सोनं आहे. बोलणं म्हणजे श्वास सोडणंच. बोलताना छाती रिकामी होते, स्वरतंतू कामात असतात, गिळायला उसंत नसते. वाट बघताना तुम्ही काय करता? तोंड मिटलेलं, दात दाबलेले, जीभ टाळूला चिकटलेली, श्वास धरलेला. गिळण्यासाठी तोंडाची हीच तर तयारी असते. जीभ टाळूला, दात जुळलेले, ओठ बंद, मग आवंढा आपोआप.

म्हणून "मोठा श्वास घ्या" हा सल्ला तुमच्यासाठी उलटा पडतो. भरलेल्या छातीवर आणखी. वाट बघत असताना आधी सोडा. ओठ किंचित विलग, दात सुटे, जीभ खाली सैल, आणि बारीक "स्स" किंवा "फू" करून श्वास संपेपर्यंत जाऊ द्या. मग आत येईल तेवढाच घ्या, नाकाने, ओढायचा नाही. हात बेंबीच्या वर ठेवा, वरची छाती न हलता हात हलला पाहिजे. आत येण्यापेक्षा बाहेर जाणं लांब. तोंड जरा उघडं असताना हवा ओढणं आणि गिळणं दोन्ही अवघड जातं, स्वतः करून बघा. गिळावंसं वाटलंच तर कोरडा आवंढा नको, पाण्याचा लहान घोट घ्या. आणि मशीनगन बंद. पहिले काही दिवस ढेकर न काढणं फार जड जाईल, दडपण वाढल्यासारखं वाटेल. ती ऊर्मी दोन-चार मिनिटांत ओसरते का, तेवढं बघा.

खारूताई

तोंड उघडं ठेवून मीटिंगला बसले तर बॉसला वाटेल मी त्यांच्या बोलण्याने भारावलेय. बढती पक्की.

रात्रपाळी

नाकावरचा मास्क लावणाऱ्या मशीनवाल्यांनी मात्र तोंड उघडं ठेवू नये, हवा तोंडातूनच गळते. (आता वाचून लिहिलंय.)

माधवकाका

शंका. हातापायाला मुंग्या येतात मला घाबरल्यावर, ते पण हवा गिळल्यामुळे?

पोटार्थी

ते वेगळं. वरचेवर उसासे टाकले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो, मुंग्या, डोकं हलकं होणं, छाती आवळणं त्यातून येतं. हवा गिळणं त्याच श्वासाचं दुसरं अपत्य म्हणा. काहींना फक्त मुंग्या, काहींना फक्त पोट, हे का, यावर आमच्यातही एकमत नाही. पण काका, तुमच्या वयाला मुंग्या येतात तर साखर आणि बी-बारा तपासून घ्या, धागा वाचून निदान नको.

कातरवेळ

पाच आठवड्यांनी परत आले. धागा वर काढल्याबद्दल माफी.

ढेकरा बंद केल्या. पहिले चार दिवस भयंकर गेले, वाटायचं छाती फुटेल. पाचव्या-सहाव्या दिवसापासून ऊर्मीच कमी. कॉलमधले आवंढे आता पंधरा-सोळावर आलेत. संध्याकाळचं माप उभ्याने 80. डावीकडचं दडपण आठवड्यात रोजच्याऐवजी दोनदा, तेही ज्या दिवशी मी "फू" विसरते त्याच दिवशी असं नाही, कधी विसरूनही येत नाही, कधी करूनही येतं.

घशातलं मात्र तसंच आहे. हवा कमी झाली, गोळा तिथेच. तो आधी आला होता की नंतर, मलाच आठवत नाही आता.

स्वरांजन

घसा सगळ्यात उशिरा सोडतो, माझ्या पेशंटमध्ये तरी. पण नाक-घसावाल्यांनी दुर्बिणीतून एकदा पाहिलंय का? तुमच्या यादीत एंडोस्कोपी आहे, स्वरयंत्राची तपासणी नाही. आवाज बसत असेल तर नक्कीच करा.

कातरवेळ

नाही केली. पुढच्या आठवड्यात जाते.

चिकित्सक_चिमणी

आणि @निमूट, तुमचं काय झालं?

निमूट

दोन डॉक्टर झाले. पहिल्याने गॅसची गोळी दिली. दुसऱ्याला ते पहिलं वाक्य सांगितलं, तो खुर्ची पुढे ओढून बसला. पुढच्या महिन्यात इंजेक्शन आहे. मुलगी म्हणतेय, पहिली ढेकर रेकॉर्ड करायची.

खारूताई

इथे टाका. नवीन धागा काढून.